हॉस्पिटलचं बिल १,२०,०००, कॅशलेस मंजुरी ७२,००० : भरायचे किती?

प्रश्न : वडिलांचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं. काऊंटरवाले ४८,००० भरा म्हणतात. पॉलिसीत २० टक्के को-पे, म्हणजे आपण भरायचा वाटा आहे, मग २४,००० व्हायला हवेत ना? बिल आणि मंजुरीपत्राचा स्क्रीनशॉट जोडलाय.

उत्तर : २४,००० नाहीत आणि ४८,०००ही नाहीत. तुमच्या कागदांवरून ४३,००० निघतात.

आधी दोन्ही कागद एकाच बिलाचे आहेत ना ते बघा. बिलावर ‘फायनल’ हवं आणि त्याची एकूण रक्कम पत्रातल्या बिल रकमेशी जुळायला हवी. तुमची जुळते. बऱ्याचदा आदल्या दिवशीच्या बिलाशी आजची मंजुरी लावली जाते आणि हिशोब तिथंच फसतो.

को-पे एकूण बिलावर लागत नाही. न मिळणारं सगळं वजा करून जे उरतं, त्यावर लागतो. डायपर, सोबतच्या माणसाचं जेवण, फाइल चार्ज वगैरे ८,००० पत्रात आधीच कापलेत. खोली रोज ४,००० ची घेतली, पॉलिसीची मर्यादा ३,००० ची. पाच दिवसांचे ५,००० गेले.

खरा फटका पुढं आहे. खोली मर्यादेपेक्षा महाग, म्हणून डॉक्टर आणि ओटीच्या ४८,००० पैकीही ४,००० ला ३,००० याच प्रमाणात पाऊण भागच, म्हणजे ३६,००० धरले, १२,००० कापले. औषधं ३०,००० आणि तपासण्या १४,००० यांना ही कात्री लागत नाही, तुमच्यातही लागलेली नाही. लागली असती तर तिथं भांडायचं. हॉस्पिटल सगळ्या खोल्यांना डॉक्टर-ओटीचा एकच दर लावत असेल, तर हे १२,०००ही कापता येत नाहीत. दरपत्रक मागून बघा.

उरले ९५,०००. त्यातून ‘हॉस्पिटल डिस्काउंट’ ५,००० वजा होऊन ९०,०००. त्याचे २० टक्के १८,००० को-पे, आणि मंजूर ७२,०००. पत्राशी तंतोतंत जुळतं.

तुमचा वाटा : ८,००० + ५,००० + १२,००० + १८,००० = ४३,०००.

काऊंटरनं नुसती बिलातून मंजुरी वजा केली. त्यात डिस्काउंटचे ५,००० तुमच्या गळ्यात पडले. ती सूट हॉस्पिटलनं विमा कंपनीला कबूल केलेली असते, पेशंटकडून घ्यायची नसते. मंजुरीपत्राच्या शेवटच्या अटी वाचा आणि हॉस्पिटलमधल्या विम्याचं काम बघणाऱ्या टीपीए डेस्कवर त्या ओळीवर बोट ठेवूनच बोला. तोंडी वाद घालत बसू नका.

आता ते ८,०००. स्क्रीनशॉटमध्ये एकच आकडा दिसतो, म्हणून तपशीलवार बिल मागा. फाइल उघडणं, हाउसकीपिंग, डिस्चार्ज प्रक्रिया हे विमा नियामक इर्डाच्या यादीप्रमाणे खोलीभाड्यातच धरायचे खर्च आहेत. ते वेगळे लावले असतील तर कमी करायला सांगा. डायपर आणि जेवण मात्र तुमचंच.

ॲडमिशनवेळचं डिपॉझिट ४३,००० मधून वजा करून घ्या. परत केलेल्या औषधांची रक्कम बिलात उतरलीय का, तेही मेडिकलच्या पावत्यांशी ताडून बघा.