निष्कर्ष खरा असणं आणि निष्कर्ष निघणं: सिलॉजिझमची उत्तरं तपासताना

प्रश्न: "रीझनिंगच्या एका कोर्सची उत्तरं तपासते. एक प्रश्न असा होता: सर्व डॉक्टर पदवीधर आहेत. काही पदवीधर सरकारी नोकरीत आहेत. निष्कर्ष: काही डॉक्टर सरकारी नोकरीत आहेत. बहुतेक मुलांनी 'निष्कर्ष निघतो' लिहिलं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डॉक्टर असतातच, म्हणून मी मार्क दिले. सहकारी म्हणतात उत्तर चूक आहे. दोन्ही विधानं खरी, निष्कर्षही खरा, मग चूक कुठे? आणि पुढच्या वेळी हे तपासायचं कसं?"

तुमचे सहकारी बरोबर आहेत. निष्कर्ष निघत नाही आणि त्या उत्तराला मार्क देता येणार नाहीत.

सिलॉजिझमच्या प्रश्नात एवढंच विचारलेलं असतं की दिलेल्या दोन विधानांवरून तिसरं निघतं का. सरकारी नोकरीत डॉक्टर असतात हे आपल्याला ठाऊक आहे, पण ते सिव्हिल हॉस्पिटल पाहिल्यामुळे. या दोन विधानांनी ते आपल्याला सांगितलेलं नाही. निष्कर्ष खरा आहे, फक्त त्याचा खरेपणा दुसरीकडून आला आहे. बँकेच्या परीक्षांत या प्रश्नांच्या वर सूचनाच असते की दिलेली विधानं सर्वज्ञात गोष्टींशी जुळत नसली तरी खरी माना आणि सर्वज्ञात गोष्टी बाजूला ठेवा. मुलं त्या सूचनेचा पहिला अर्धा भाग पाळतात. 'सर्व पंखे खुर्च्या आहेत' हे निमूटपणे मान्य करतात. दुसरा अर्धा भाग मात्र निष्कर्ष ओळखीचा दिसला की विसरतात.

आता हाच प्रश्न नीट उलगडून बघा. एक लहान गाव घ्या. तिथे तीनच डॉक्टर आहेत आणि तिघांचेही स्वतःचे दवाखाने आहेत. गावातला तलाठी पदवीधर आहे. या गावापुरतं बोलायचं तर सर्व डॉक्टर पदवीधर आहेत, हे खरं. काही पदवीधर सरकारी नोकरीत आहेत, हेही खरं, कारण तलाठी आहे. पण एकही डॉक्टर सरकारी नोकरीत नाही. दोन्ही विधानं जशीच्या तशी खरी राहिली आणि निष्कर्ष खोटा ठरला. असं एक गाव नुसतं कल्पनेत उभं करता आलं तरी युक्तिवाद अवैध ठरतो, कारण वैध युक्तिवादात विधानं खरी असताना निष्कर्ष खोटा असणं शक्यच नसतं. वैधतेची अट एवढीच आहे. निष्कर्ष प्रत्यक्षात खरा असलाच पाहिजे, असं त्या अटीत कुठेही म्हटलेलं नाही.

मूळ दोष मधल्या पदात आहे. दोन्ही विधानांना जोडणारं पद 'पदवीधर'. 'सर्व डॉक्टर पदवीधर आहेत' हे विधान सगळ्या डॉक्टरांबद्दल बोलतं, सगळ्या पदवीधरांबद्दल नाही. दुसरं विधानही 'काही पदवीधर' एवढंच म्हणतं. म्हणजे पहिल्या विधानातले पदवीधर आणि दुसऱ्यातले पदवीधर वेगवेगळे लोक असू शकतात. तर्कशास्त्रात याला मध्यपद एकदाही व्याप्त नसणं म्हणतात, म्हणजे कोणतंच विधान सगळ्या पदवीधरांबद्दल बोलत नाही. न्याय या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतही याच दोषाचं जुनं उदाहरण आहे: 'पर्वतावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे.' पर्वतावर खरोखर धूर असेलही, तरी नैयायिक, म्हणजे त्या परंपरेतले पंडित, हे कारण मान्य करत नाहीत, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. त्यांच्या मते धूर निघायला ओल्या लाकडाचा संबंध लागतो. आपल्या प्रश्नात तलाठी नेमकं त्या लोखंडी गोळ्याचं काम करतो: पदवी आहे, सरकारी नोकरी आहे, पण तो डॉक्टर नाही.

मुलांना हे पटवायचं असेल तर वाक्यांचा साचा तोच ठेवून शब्द बदला. सर्व मांजरं सस्तन आहेत. काही सस्तन प्राणी उडतात (वटवाघळं उडतात, म्हणून हेही खरं). म्हणून काही मांजरं उडतात. इथे कुणीही 'निघतो' लिहीत नाही. साचा मात्र डॉक्टरवाल्या प्रश्नाचाच आहे. एकाच साच्याचं उत्तर एकदा 'निघतो' आणि एकदा 'निघत नाही' येत असेल, तर मूल साचा तपासत नाहीये, निष्कर्ष ओळखीचा आहे का ते बघतंय.

ही चूक फक्त तुमच्याच वर्गात होते असं समजू नका. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ इव्हान्स, बार्स्टन आणि पोलार्ड यांनी 1983 मध्ये हीच गोष्ट मोजली होती. त्यांच्या एका प्रश्नातली विधानं अशी होती: व्यसन लावणारी कोणतीही वस्तू स्वस्त नसते, काही सिगारेटी स्वस्त असतात. यावरून 'काही सिगारेटी व्यसन लावत नाहीत' हा निष्कर्ष वैध आहे, पण तो कुणालाच पटत नाही. 'व्यसन लावणाऱ्या काही वस्तू सिगारेटी नसतात' हा निष्कर्ष अवैध आहे, पण लगेच पटतो. अशा सगळ्या प्रश्नांची सरासरी काढली तेव्हा दिसलं की अवैध निष्कर्ष न पटणारा असेल तर सुमारे 10 टक्के लोकच तो स्वीकारतात, आणि पटणारा असेल तर सुमारे 71 टक्के. वैध निष्कर्षांतला फरक याहून कमी होता: पटणारे 89 टक्के, न पटणारे 56 टक्के. म्हणजे पटण्या-न पटण्याचा सगळ्यात मोठा फटका तुमच्या प्रश्नासारख्या ठिकाणीच बसतो, जिथे युक्तिवाद अवैध आहे पण निष्कर्ष खरा आहे.

याची उलटी बाजूही तपासायला हवी, कारण जो निष्कर्षाच्या खरेपणावर मार्क देतो तो खोटेपणावर मार्क कापतोही. 'सर्व डॉक्टर पदवीधर आहेत. सर्व पदवीधर सरकारी नोकरीत आहेत. म्हणून सर्व डॉक्टर सरकारी नोकरीत आहेत.' निष्कर्ष धडधडीत खोटा आहे, तरी युक्तिवाद वैध आहे. खोट दुसऱ्या विधानात आहे, जोडणीत नाही. इथे 'निघतो' लिहिणाऱ्या मुलाला पूर्ण मार्क द्यायला हवेत.

तपासण्याची माझी पद्धत अशी आहे. निष्कर्ष हाताने झाकायचा आणि फक्त विधानांवरून वेन आकृती काढायची. तीन वर्तुळं: डॉक्टर, पदवीधर, सरकारी नोकर. पहिल्या विधानामुळे डॉक्टरच्या वर्तुळाचा पदवीधरबाहेरचा भाग काळा करायचा, तिथे कुणी नाही. दुसऱ्या विधानामुळे पदवीधर आणि सरकारी नोकर यांच्या सामाईक भागात कुठेतरी फुली टाकायची. तो भाग डॉक्टरच्या रेषेने दोन तुकड्यांत कापला गेलाय, आणि फुली कोणत्या तुकड्यात टाकायची हे विधानं सांगत नाहीत. म्हणून फुली रेषेवरच येते. आता हात काढायचा. निष्कर्षाला फुली रेषेच्या आत, डॉक्टरच्या बाजूला हवी आहे. ती तिथे नाही, म्हणून निष्कर्ष निघत नाही.

मुलांच्या आकृत्या तपासताना हीच फुली बघा. ज्याने मनात उत्तर आधीच ठरवलंय त्याची फुली तिन्ही वर्तुळांच्या मधोमध असते, आणि आकृती इतकी नीटनेटकी असते की तपासणारा पुढे जातो. त्या फुलीवर बोट ठेवून 'ही कोणत्या विधानावरून इथे आली?' एवढंच विचारायचं. 'सरकारी दवाखान्यात डॉक्टर असतात ना' असं उत्तर आलं तर मुलाने तिसरं विधान स्वतःच्या पदरचं घातलंय. ते विधान खरं आहे, पण ते घातल्यावर युक्तिवाद वेगळाच होतो.

दोन ठिकाणी मात्र उत्तर लगेच चूक ठरवू नका. निष्कर्ष 'काही डॉक्टर सरकारी नोकरीत असण्याची शक्यता आहे' असा दिला असेल तर तो बरोबर धरला जातो, कारण रेषेवरची फुली आत जाऊ शकते. दुसरं ठिकाण म्हणजे 'सर्व डॉक्टर पदवीधर आहेत, म्हणून काही पदवीधर डॉक्टर आहेत' असे निष्कर्ष. बँकेच्या परीक्षांत हे निघतात असं मानतात, कारण तिथे प्रत्येक वर्गात निदान एक तरी सदस्य आहे हे गृहीत असतं. कॉलेजातल्या आधुनिक तर्कशास्त्रात ते गृहीत नसतं आणि तिथे हा निष्कर्ष निघत नाही. तुमच्या कोर्समध्ये कोणता नियम चालतो ते प्रश्नपत्रिकेवर छापून टाका, म्हणजे पुढचा वाद वाचेल.

मला यापेक्षा जास्त काळजी प्रश्नपत्रिकेची वाटते. बऱ्याच सराव संचांत वैध प्रश्नांचे निष्कर्ष खरे असतात आणि अवैध प्रश्नांचे खोटे. असा संच नुसत्या सामान्यज्ञानावर पूर्ण मार्क मिळवून देतो, आणि तपासणाऱ्याला काही कळतही नाही. उत्तरं तपासण्याआधी प्रत्येक प्रश्नापुढे दोन गोष्टी लिहून बघा: युक्तिवाद वैध आहे का, आणि निष्कर्ष प्रत्यक्षात खरा आहे का. या दोहोंची उत्तरं जिथे जुळत नाहीत तेवढेच प्रश्न मुलांची पारख करतात. 20 प्रश्नांत असे दोनच निघाले तर उरलेल्या अठरांचे मार्क तुम्हाला फारसं काही सांगत नाहीत. निदान निम्मे प्रश्न असे ठेवा. पंखे आणि खुर्च्यांचे प्रश्नही थोडे असू द्या, पण फक्त तेच नकोत. त्यांवर सराव झालेली मुलं तिथे चुकत नाहीत आणि डॉक्टर-पदवीधर आले की घसरतात.

तुम्ही आधी तपासलेल्या उत्तरांचं म्हणाल तर सगळ्यांचे मार्क सरसकट कापण्याआधी त्याच मुलांना मांजराचा प्रश्न द्या आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून आपलंच आधीचं उत्तर तपासायला सांगा. उत्तरपत्रिकेत 'निघतो का?' आणि 'खरा आहे का?' असे दोन वेगळे रकाने करा आणि मार्क फक्त पहिल्या रकान्याला द्या. दुसरा रकाना भरायला लावला की मुलांच्या डोक्यातलं सामान्यज्ञान तिथे उतरतं आणि पहिल्या रकान्यात घुसत नाही.