ले-आउटमधला रस्ता नेमका कोणाचा?

"मी आर्वी तालुक्यातला. पोरीनं नागपूरले घर घेतलं. टॅक्स महापालिकेत भरते, पण घरासमोरचा रस्ता करा म्हटलं तर ते म्हणतात एनआयटीत जा, अन् एनआयटीवाले महापालिकेत धाडतात. एका शहरात इतके ऑफिस कशाले? आमच्या गावात एक ग्रामपंचायत पुरते."

काका, मुलीला आधी घराची जुनी फाईल काढायला सांगा. त्यात विकास शुल्काची डिमांड भरल्याची पावती आणि आर.एल. लेटर, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आहे का ते बघा. ते असेल तर तिचा ले-आउट नागपूर सुधार प्रन्यासाच्या, म्हणजे आपण ज्याला एनआयटी म्हणतो त्याच्या हातून गेलेला आहे. मग खरा प्रश्न एवढाच उरतो की तो ले-आउट महापालिकेला हस्तांतरित झाला की नाही. तिची सगळी धावपळ या एका शब्दात अडकलेली आहे.

मी हिंगणघाटकडचा. बावीस वर्षे नागपुरात ले-आउटची मोजणी आणि नकाशे करणाऱ्या कार्यालयात काम केलं, म्हणून सविस्तर सांगतो.

नागपूरच्या कडेची बरीच वस्ती आधी शेती होती. शेतकऱ्यानं किंवा एखाद्या गृहनिर्माण संस्थेनं अकृषक परवानगी न घेता प्लॉट पाडले आणि विकले. लोकांनी घरं बांधली. मग एनआयटीनं असे ले-आउट टप्प्याटप्प्यानं नियमित करायला घेतले. नागपुरात आजही लोक "572 मधला की 1900 मधला?" असं विचारतात, ते एकेका टप्प्यात घेतलेल्या ले-आउटच्या संख्येवरून. 1900 वाले 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली आले. प्लॉटधारकानं क्षेत्रफळाप्रमाणे शुल्क भरायचं, त्यातून एनआयटीनं रस्ता, नाली, सांडपाण्याची गडरलाईन करायची, आणि काम पुरं झालं की सगळं महापालिकेच्या ताब्यात द्यायचं, अशी ही रीत आहे.

मालमत्ता कर मात्र हस्तांतरणासाठी थांबत नाही. घर महापालिकेच्या हद्दीत उभं राहिलं की कर लागतो. म्हणजे विकास शुल्क एका खिशात जातं आणि दरवर्षीचा कर दुसऱ्या खिशात. रस्ता करायची पाळी आली की ज्याच्याकडे कर जातो तो म्हणतो, "आमच्या ताब्यात नाही," आणि ज्यानं शुल्क घेतलं तो म्हणतो, "आमचं काम झालं, आता देखभाल त्यांची." दोघंही आपापल्या फाईलप्रमाणे खरंच बोलत असतात. म्हणून तुमची मुलगी कोणाशी भांडली तरी हाती काही लागत नाही.

मी पाहिलेली एक गल्ली सांगतो. सतरा घरांची ओळ, आणि नवव्या घराच्या कुंपणापाशी डांबर सुरीनं कापल्यासारखं संपलेलं. पुढं नुसता मुरूम. पावसाळ्यात पुढच्या आठ घरांतली पोरं चपला हातात घेऊन नवव्या घरापर्यंत यायची. कारण असं की तिथं दोन खसऱ्यांची, म्हणजे जमिनीच्या दोन सर्व्हे नंबरांची, शीव होती. डोळ्याला एक गल्ली दिसत होती, पण नकाशावर ते दोन ले-आउट होते. पहिला हस्तांतरित झालेला, दुसरा नाही.

दुसऱ्याची संयुक्त पाहणी झाली तेव्हा नकाशा धरायला मी होतो. देणाऱ्या कार्यालयाचा अभियंता आणि घेणाऱ्याचा अभियंता, दोघं गल्लीतून चालले. गडरलाईनचे सहा चेंबर नकाशात होते, जमिनीवर चार सापडले. दोन मुरमाखाली दबलेले. नालीचा उतार एका ठिकाणी उलटा पडलेला, पाणी परत घरांकडे येत होतं. मोकळ्या जागेवर कोणीतरी शेड टाकलेलं. घेणाऱ्यानं त्रुटींची यादी लिहिली आणि म्हणाला, हे दुरुस्त करून द्या, मग घेतो. देणाऱ्याचं म्हणणं, निम्म्या लोकांनी डिमांड भरलेली नाही, दुरुस्तीला पैसा कुठून आणू? फाईल तिथंच बसली. मी ते काम सोडलं तोवर ती उठली नव्हती. त्या आठ घरांचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यातल्या सहा जणांनी शुल्क वेळेवर भरलं होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, दोन ऑफिसं कशाला. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्या मोडून रुंद रस्ते काढायचं काम नगरपालिकेकडून होणार नाही, असं इंग्रज सरकारला वाटलं आणि 1898 मध्ये त्यांनी वेगळा सुधार ट्रस्ट काढला. निवडून आलेल्यांच्या हाताबाहेर, जमीन ताब्यात घ्यायचे आणि प्लॉट विकायचे स्वतःचे अधिकार असलेला. मुंबईनं तो 1933 मध्ये महापालिकेत विलीन केला. नागपूरचा सुधार प्रन्यास कायदा त्यानंतर, 1936 मध्ये झाला. आपली महापालिका 1951 ची, तेव्हा नगरपालिकेची महापालिका झाली तर शेजारी प्रन्यास आधीच उभा होता. तो नुसता अडथळा होता असं मी म्हणणार नाही. नागपुरातले कित्येक नीट आखलेले ले-आउट आणि रस्ते त्याच्याच कामातून आले.

पण ज्याच्याकडे जमीन आणि तिच्यातून येणारा पैसा, त्याच्याकडे शहर कुठं वाढेल हे ठरवायची ताकद. प्रन्यासाचा अध्यक्ष राज्य सरकार नेमतं, आणि ती ताकद सोडून द्यायला कोणतंही सरकार सहज तयार होत नाही. डिसेंबर 2016 मध्ये मंत्रिमंडळानं प्रन्यास बरखास्त करायचा निर्णय घेतला, 2019 मध्ये नियोजनाचे अधिकार महापालिकेकडे दिले, आणि 2021 मध्ये नव्या सरकारनं ते परत प्रन्यासाला दिले. 74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली. तिच्या बाराव्या अनुसूचीत शहर नियोजनापासून 18 विषय आहेत, पण राज्यानं ते महापालिकेला "देता येतील" असं लिहिलंय, "द्यावेच लागतील" असं नाही. माझ्या मते सगळी गोम तिथं आहे.

बाकीची ऑफिसं याच वाटेनं वाढली. वर्धा रोडवर एकाच खांबावर वर मेट्रो, मधे महामार्गाचा उड्डाणपूल आणि खाली रस्ता आहे; मेट्रोचं ऑफिस वेगळं, महामार्गाचं वेगळं, यावरून अंदाज घ्या. आणि गावात एक ग्रामपंचायत पुरते म्हणता, तर गावाला येणारा रस्ता जिल्हा परिषदेचा की बांधकाम विभागाचा, यावर तुमच्याकडेही खड्डे राहतातच की.

शहराबाहेर घेणाऱ्यांसाठी हेही सांगून ठेवतो. हिंगणा, कामठी, उमरेड अशा तालुक्यांतली कितीतरी गावं 2017 पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एनएमआरडीएकडे आहेत. तिथं घरटॅक्स ग्रामपंचायत घेते, पण ले-आउट आणि बांधकामाची मंजुरी प्राधिकरणाची लागते. "ग्रामपंचायतीचा नकाशा पास आहे" एवढ्यावर प्लॉट घेऊ नका. घेतला तर दहा वर्षांनी तुम्हीही त्याच गल्लीत उभे राहाल.

मुलीनं आता तक्रारअर्ज देऊ नये, माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. महापालिकेत दिला तरी चालेल. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, तिला "तिकडे जा" म्हणता येत नाही. दहा रुपये फी, आणि मजकूर छोटा ठेवायचा: मौजा, खसरा क्रमांक, ले-आउटचं नाव, प्लॉट क्रमांक. मग विचारायचं, हा ले-आउट कोणत्या तारखेच्या आदेशानं हस्तांतरित झाला, आदेशाची प्रत द्या. झाला नसेल तर संयुक्त पाहणीच्या अहवालाची आणि त्रुटींच्या यादीची प्रत द्या. साधारण महिन्याभरात उत्तर यायला हवं. ती यादी हातात आली की इथं टाका, उतार आणि चेंबरचं मी वाचून सांगतो.