व्हेस्ट झालेले शेअर ठेवायचे की विकायचे?

अरे, कंपनीने नोकरीपोटी देऊ केलेले शंभर शेअर व्हेस्ट झाले, म्हणजे प्रत्यक्ष तुझ्या मालकीचे झाले, म्हणून शंभरचा हिशेब धरू नकोस. त्या दिवशी भाव २,००० रुपये असेल, तर २ लाख तुझ्या पगारात मिळवले जातात. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससकट कर ६२,४००. कंपनी बहुधा ३२ शेअर विकून तो भरते, उरतात ६८.

पुढे विकताना नफा मोजायला या ६८ची खरेदी किंमत प्रत्येकी २,००० धरायची. पहिल्या वर्षी मी शून्य टाकली आणि त्याच रकमेवर दुसऱ्यांदा कर भरला!

लगेच विकलेस तर नवा कर जवळपास नाहीच. ठेवलेस आणि भाव १,४००वर आला, तर भरलेला कर परत मिळत नाही. तोटाही पगारातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो. रोख बोनस मिळाला असता तर हेच शेअर घेतले असतेस का? मी नसते घेतले, म्हणून विकतो.