प्रकार पाठ आहेत, पण उत्तर जमत नाही

प्रश्न : सर, मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे. उद्योजकतेच्या पेपरात लघुत्तरी प्रश्नांत मार्क जातात. उद्योजकांचे चार प्रकार पाठ आहेत, पण फेबियन आणि ड्रोन यांची उत्तरं सारखीच होतात. स्टार्टअपच्या टप्प्यांचा क्रमही चुकतो. घरी वडिलांचे चार यंत्रमाग आहेत. काय करू?
— एक विद्यार्थिनी, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : तुझ्या घरातल्या मागांवरच हा धडा समजून घेऊ. हे चार प्रकार क्लॅरेन्स डॅनहॉफ यांनी मांडले. नवा बदल समोर आला की माणूस काय करतो, एवढंच त्यांनी पाहिलं. त्यामुळे उत्तरात भांडवल किती, अनुभव किती हे लिहू नकोस. बदल केव्हा स्वीकारला आणि कशामुळे स्वीकारला, एवढं लिही.

समज, एका गल्लीत टेरी टॉवेलचे चार कारखाने आहेत आणि सगळीकडे धोट्याचे साधे माग आहेत. पहिला मालक कर्ज काढून धोटा नसलेला रॅपियर माग आणतो आणि आजवर कोणी न दिलेला माल नव्या गिऱ्हाइकाला विकतो. हा नवप्रवर्तक. रॅपियर माग त्याने शोधलेला नाही, आणि नेमकं इथेच बरेच जण चुकतात. शुंपीटर यांच्या मांडणीत शोध लावणारा वेगळा आणि तो शोध धंद्यात उतरवणारा वेगळा. नवं उत्पादन, नवी उत्पादनपद्धत, नवी बाजारपेठ, कच्च्या मालाचा नवा स्रोत किंवा उद्योगाची नवी संघटना, यांपैकी एखादी गोष्ट त्याने आणलेली असली पाहिजे.

दुसऱ्याने पहिल्याचा माल खपताना पाहिला आणि जुना, स्वस्तातला रॅपियर आणून आपल्या ऐपतीप्रमाणे तेच काम सुरू केलं. हा अनुकरणशील. त्याला कमी लेखू नकोस. नवं तंत्र गावभर पसरतं ते अशा माणसांमुळेच, आणि हे वाक्य उत्तरात असावं.

आता तुझी खरी अडचण. तिसरा मालक बदलायला तयार नाही. पण व्यापारी म्हणतो, ‘पुढच्या हंगामापासून साध्या मागाचा माल घेणार नाही,’ तेव्हा तो दोन माग बदलतो. बदलला नाही तर धंदा जाईल हे दिसल्यावरच तो हलला. हा फेबियन. चौथ्यालाही व्यापाऱ्याने तेच सांगितलं. ऑर्डरी कमी झाल्या, तोटा दिसू लागला, तरी तो म्हणतो, ‘आमच्या वडिलांपासून असंच चालत आलंय.’ हा ड्रोन. म्हणजे दोघांनाही बदल नकोच असतो. फरक दिसतो तो तोटा दारात आल्यावर : फेबियन हलतो, ड्रोन हलत नाही. उदाहरणावरून प्रकार ओळखायला सांगितला, तर आधी ही खूण शोध. ‘नाइलाजाने’, ‘स्पर्धेत टिकण्यासाठी’ असे शब्द दिसले की फेबियन. ‘तोटा होऊनही’ दिसलं की ड्रोन.

एक मर्यादाही लक्षात ठेव. हे लेबल माणसाच्या कपाळावर कायमचं नसतं. तोच मालक यंत्राच्या बाबतीत फेबियन आणि विक्रीच्या बाबतीत नवप्रवर्तक असू शकतो.

टप्प्यांचा क्रम पुस्तकागणिक थोडा बदलतो, पण कल्पना, व्यवहार्यता तपासणी, व्यवसाय आराखडा, भांडवल व नोंदणी, सुरुवात, वाढ हा कणा कायम असतो. एका टप्प्यातून निघालेली गोष्ट पुढच्याला लागते, हे कळलं की क्रम चुकत नाही. तुला कडक भाकरी आणि शेंगा चटणीची पाकिटं विकायची आहेत असं धर. पाकीट ६० रुपयांना, त्यामागे साहित्य, पॅकिंग व वाहतुकीचा खर्च ४० रुपये. म्हणजे पाकिटामागे २० रुपये उरतात. जागा आणि पगार मिळून महिन्याचा स्थिर खर्च १२ हजार असेल, तर १२,००० भागिले २० म्हणजे ६०० पाकिटं खपल्यावर ना नफा ना तोटा. दुकानदारांशी बोलून महिन्याला ३०० च खपतील असं दिसलं, तर इथेच थांबायचं आणि किंमत, खर्च किंवा कल्पना बदलायची. हा आकडा हातात नसेल तर आराखड्यात काय लिहिणार, आणि आराखडा नसेल तर बँकेपुढे काय ठेवणार? म्हणून तपासणी भांडवलाच्या आधी. भाकरी किती दिवस कुरकुरीत राहते, चटणीला खवट वास केव्हा येतो, हेही याच टप्प्यात तपासायचं. खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआयची नोंदणी मात्र विक्री सुरू होण्याआधी हवी.

संकल्पनेच्या प्रश्नात प्रत्येक नव्या दुकानाला स्टार्टअप म्हणू नकोस. सरकारी मान्यतेसाठी नावीन्य किंवा मोठ्या वाढीची क्षमता दाखवावी लागते आणि एकल मालकीच्या धंद्याला ती मिळत नाही.

लिहिताना पहिल्या वाक्यात व्याख्या, मग ओळखण्याची खूण, मग मागावरचं उदाहरण. दोन मार्कांना एवढं पुरतं. ‘फरक स्पष्ट करा’ असेल तर फेबियन आणि ड्रोन एकाखाली एक न लिहिता समोरासमोर दोन रकान्यांत लिही, आणि पहिला मुद्दा तोट्याचाच घे.