३८० शब्द कुठून काढायचे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे दोन्ही खर्डे वाचले, ११८० शब्दांचा मूळ आणि स्पर्धेसाठी ८०० शब्दांत बसवलेला. पहिला वाचताना माझा घसा दाटून आला होता, दुसरा वाचताना तसं झालं नाही. का, ते शोधायला दोन्ही शेजारी ठेवून प्रत्येक भागाचे शब्द मोजले.

मूळ खर्ड्यात बाबांचा झटका आणि दवाखाना यांना ३१० शब्द आहेत. त्यांच्या मुद्रितशोधकाच्या नोकरीला २४०, तू त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचीस त्याला २८०, टकटकीच्या प्रसंगाला १३० आणि शेवटच्या चिंतनाला २२०. तू प्रत्येक भागातून साधारण तिसरा हिस्सा काढलास. कुणावर अन्याय नको म्हणून बहुतेक जण असंच करतात. पण त्यात टकटकीचा प्रसंग ८८ शब्दांवर आला, आणि तुझा लेख म्हणजे तोच प्रसंग आहे. निधनवार्ता वाचताना तू बाबांच्या जुन्या मित्राचं नाव मुद्दाम गाळलंस, आणि वाचा गेलेल्या बाबांनी पानावरची नजर न काढता डाव्या हाताने टेबलावर दोनदा टकटक केलं.

त्याहून मोठं नुकसान नोकरीच्या भागात झालंय. मूळ खर्ड्यात तिथे दोन साधी वाक्यं होती: ‘छापखान्यात एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि बाबा मुद्रितावर नजर ठेवायचे. काही सुटलेलं दिसलं की ते मेजावर दोनदा टकटक करायचे.’ ही निव्वळ माहिती वाटली म्हणून तू ती काढलीस. मग टकटक कशाची ते वाचकाला कळेना, म्हणून प्रसंगाच्या ऐन मध्यावर ‘तेव्हा मला जाणवलं की ते आयुष्यभर जसे चुका दाखवायचे तसेच आताही...’ असं समजावून सांगावं लागलं. तिथेच प्रसंग थंड झाला. ती दोन वाक्यं आधी येऊन गेलेली असली, की वाचक टकटक ऐकतो आणि तुझ्याही आधी ओळखतो: काहीतरी सुटलंय.

म्हणून कापण्यापूर्वी मुख्य प्रसंगाखाली रेघ मारतेस, तशीच त्याला आधार देणाऱ्या मागच्या वाक्यांखालीही मार. ती ओळखायची कशी? वाक्यावर बोट ठेवून पुढचा प्रसंग वाच. ते वाक्य नसतं तर टकटक वेगळी ऐकू आली असती का? ‘हो’ आलं तर ते कितीही कोरडं असो, ठेवायचं. ‘नाही’ आलं तर ते कितीही सुंदर असो, जाऊ दे. दवाखान्यातल्या पांढऱ्या दिव्यांचं तुझं वर्णन फार छान आहे, मलाही ते काढताना वाईट वाटलं, पण टकटकीला त्याचा काही उपयोग नाही.

आता हिशोब असा मांड. झटका आणि दवाखाना ३१० वरून ६०. वाचा गेली, उजवा हात गेला, एवढंच पुरे. नोकरी २४० तशीच राहू दे. वाचनाचे २८० सहज २५० होतील, कारण ‘रोज सकाळी’ ही गोष्ट तू तीनदा सांगितली आहेस. चिंतन २२० वरून ५०. आणि टकटकीला १३० चे १७० दे. हो, कापताना एक भाग वाढवायचाही असतो. गाळलेलं नाव आणि टकटक यांच्यामध्ये तू श्वास घ्यायलाही जागा ठेवलेली नाहीस. त्या क्षणी खोलीत काय दिसत होतं, तू पुढची ओळ वाचायला घेतली होतीस का, ते लिही. बेरीज ७७० होते. उरलेले ३० तसेच राहू देत. शीर्षक शब्दसंख्येत धरतात का, ते नियमांत बघून घे. जोडशब्दांमधल्या रेघेमुळेही दोन ठिकाणी मोजणी वेगळी येऊ शकते. मर्यादेत बसण्यासाठी सुटे शब्द चिकटवून मात्र लिहू नकोस, परीक्षकांच्या ते लगेच डोळ्यांत येतं.

वाक्यांची छाटणी सगळ्यात शेवटी. ‘मला असं वाटलं की’, ‘जणू काही’, ‘खरं तर’ एवढे काढलेस तरी तुझ्या लेखातून पंचवीस-तीस शब्द जातील. पण हे आधी केलंस, तर जो परिच्छेद अख्खा जाणार आहे तोच घासत बसशील.

चिंतनाचे ५० शब्द कुठले, असं विचारशील. ते तुझ्या मूळ खर्ड्यात आहेतच, ‘आयुष्य म्हणजे’ने सुरू होणाऱ्या परिच्छेदाखाली दबलेले. तू मागे गेलीस, गाळलेली ओळ नावासकट वाचलीस, आणि बाबांनी हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला. तिथेच थांब.

तुझ्या बाई