कविता मिटते, थांबते की सटकते?

"कवितेतल्या क्लोजरला मराठी शब्द काय? आणि शेवट मुद्दाम उघडा ठेवलाय की कवीला जमलाच नाही, हे कसं ओळखायचं?"

'समारोप' नको, तो भाषणाचा वाटतो. 'शेवट' प्रत्येक कवितेला असतोच, कागदावर कुठेतरी ती थांबणारच ना. मी 'मिटणं' म्हणतो. बार्बरा हर्नस्टीन स्मिथ यांचं १९६८चं 'पोएटिक क्लोजर' याच विषयावर आहे, आणि त्यातला मुद्दा साधारण असा की आता पुढे काही यायला हवं असं वाचणाऱ्याला वाटेनासं होतं तेव्हा कविता मिटते.

दुसऱ्या प्रश्नासाठी आत्ताच जुळवलेल्या ओळी घ्या (कविता म्हणून फार मनावर घेऊ नका):

बाबांचा चष्मा खिडकीत.
काच पुसली तर त्यांचा ठसा जाईल,
नाही पुसली तर धूळ बसेल.

इथे पेच पडलाय, पुसायची की नाही. आता पुढे "आज पुसली. / पलीकडचं झाड नीट दिसलं." असं आलं तर पेच सुटला, कविता मिटली. त्याऐवजी "शेवटी आयुष्य म्हणजे काय, / धुळीतला प्रवास..." असं लिहिलं की ऐकायला भारदस्त, पण चष्मा गेला कुठे? हे निव्वळ वेळ मारून नेणं झालं. ओळखायची माझी युक्ती म्हणजे त्या दोन ओळी उचलून दुसऱ्याच कुठल्यातरी कवितेला चिकटवून बघायच्या, तिथेही तितक्याच फिट बसल्या तर कवी सटकलाय असं समजा (ती तीन टिंबं तर बहुतेक वेळा पळवाटच असतात).

आता तिसरा शेवट: "फडकं ओलं करून आणलं, / ते हातातच वाळलं." निर्णय झालेला नाही, पण कविता पेचाला पाठ दाखवत नाही, उलट किती वेळ कोणीतरी तिथे नुसतं उभं राहिलं ते दिसतं, आणि या ओळी दुसरीकडे कुठे चिकटणार नाहीत. हा मुद्दाम दिलेला नकार.

एक घोळ नेहमी होतो, प्रश्नचिन्ह दिसलं की लोक 'ओपन एंडिंग' म्हणून मोकळे होतात. कीट्सची १८१९ची नाइटिंगेलवरची कविता मी जागा आहे की झोपेत अशा प्रश्नावर संपते, पण शेवटचा 'स्लीप' तीन ओळी वरच्या 'डीप'शी यमक जुळवतो, म्हणजे अर्थ उघडा आणि कान मात्र तृप्त. अभंगात 'तुका म्हणे' आलं की कानाला कळतं की आता आवरतंय, मग अर्थ सुटलेला असो वा नसो. मुक्तछंदात ही सोय नाही म्हणून तिथे सटकणं जास्त उघडं पडतं.

आणि 'मुद्दाम' म्हणजे कवीच्या मनात काय होतं ते नाही हं, ते आपल्याला कळायचं नाही. ओळीत काय आहे तेवढंच बघायचं. कधी दोन वाचक भांडतील, एकाला वाळलेलं फडकं हाच निर्णय वाटेल, पुसायचं नाही असा. मला स्वतःलाही दुसऱ्यांदा वाचताना तसंच वाटलं.