दातांवरून शेळीचं वय सांगणारा व्हिडिओ दीड लाखावर गेला, आता बाकीचे व्हिडिओ लोकांनी बघावेत म्हणून काय करू?

प्रश्न: औसा तालुक्यातून लिहितेय. शेळीपालनाचे व्हिडिओ टाकते. ‘दातांवरून शेळीचं वय’ हा माझा ७ मिनिटांचा व्हिडिओ चार दिवसांत दीड लाखावर गेला. सबस्क्रायबर ४१० होते, ९०० झाले. पण बाकीच्या ५२ व्हिडिओंना कुणी हात लावत नाही. ही गर्दी ओसरायच्या आत काय करावं?

उत्तर:

ताई, मी सेलू तालुक्यातला, शेतीचं चॅनल आहे. मागं असाच एक व्हिडिओ माझाही पळाला होता आणि त्यातले पहिले पाच दिवस मी वाया घालवले. ते कसे गेले तेच सांगतो, म्हणजे तुमचे जाणार नाहीत.

व्हिडिओ होता घरच्या सोयाबीनची उगवण तपासण्याचा. ओल्या पोत्यावर १०० दाणे ओळीनं मांडायचे, पोतं गुंडाळून सावलीत ठेवायचं, ओल टिकवायची आणि सात-आठ दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. यात माझं काही नवीन नव्हतं, कृषी सहायक दरवर्षी गावात हेच सांगतात. पण मे महिन्याचा शेवट होता, बियाण्याचे भाव चढलेले आणि प्रत्येकाच्या घरी मागच्या वर्षीचं सोयाबीन पडून. आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपांतून फिरला, मग यूट्यूबनं स्वतःच लोकांपुढं ठेवायला सुरुवात केली. आठवड्यात दोन लाख.

मी काय केलं? दर तासाला आकडा बघत बसलो. त्यातच गावच्या यात्रेचा व्हिडिओ टाकला, म्हटलं इतकी माणसं आलीच आहेत तर हेही बघतील. सोयाबीनवाल्या व्हिडिओच्या शेवटी जी चौकट दिसते, एंड स्क्रीन, ती मी कधीतरी `Most recent upload` वर ठेवून विसरलो होतो. म्हणजे माणूस दाणे मोजायला शिकला की त्याच्यापुढं आमच्या गावची पालखी! ज्यांना ती चौकट दिसली त्यांतल्या हजारात सहा जणांनी दाबली. ते सहाही बहुतेक गावचेच असावेत.

चूक माझ्या भाच्यानं दाखवली. तो म्हणाला, मामा, आकडे सोडा अन् कमेंट वाचा. रात्री जेवल्यावर बसलो. चारशेच्या वर कमेंट होत्या. ‘छान माहिती’ वगैरे सोडून दिल्यावर जवळजवळ निम्म्या लोकांचं एकच म्हणणं होतं: ‘माझे ६२ निघाले, आता एकरी किती टाकू?’, ‘५८ आलेत, पेरू का मोडू?’ मी व्हिडिओत ७० निघाले तर एकरी ३० किलो, एवढंच सांगून हात जोडले होते. ज्याचे ६२ निघाले तो माणूस अर्ध्या वाटेवर उभा होता.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथंच आहे. आलेला माणूस तुमचं चॅनल बघायला आलेला नसतो. तो एका कामासाठी आलेला असतो आणि त्या कामाची पुढची पायरी दिसली तरच आणखी एक व्हिडिओ बघतो. ५२ व्हिडिओ त्याच्यापुढं मांडले तर तो एकही उघडणार नाही. नेमका पुढचा एक ठेवायचा.

माझ्याकडं तो एक तयारच होता, पण २२ मिनिटांच्या जुन्या व्हिडिओच्या पोटात, चौदाव्या मिनिटाला. तिथं कुणी पोचत नव्हतं. मग सकाळी त्याच पोत्यापुढं उभं राहून सहा मिनिटांचा नवा केला. ७० ला ३० किलो लागतं, तर ६० उगवणीला ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. ढोबळ हिशेब असा की ७० च्या खाली एकेक टक्का उतरलं की एकरी अर्धा किलो वाढवा, आणि ६० च्याही खाली गेलं तर ते बियाणं पेरू नका. नावात लोकांचेच शब्द घेतले: ‘उगवण ६२ टक्के आली, एकरी किती किलो?’ थंबनेलवर तेच पोतं, तोच गमछा. ओळख पटली पाहिजे, आधीच्याच माणसाचं पुढचं बोलणं आहे असं वाटलं पाहिजे.

मग जोडणी केली.

सगळ्यात जास्त उपयोग पिन केलेल्या कमेंटचा झाला, कारण ज्यांना प्रश्न पडला ते आधी कमेंटमध्येच उतरत होते. मी लिहिलं: ‘७० पेक्षा कमी निघाले असतील तर एकरी किती टाकायचं, त्याचा हिशेब इथं आहे’ आणि खाली दुवा. ‘चॅनलला भेट द्या’ असलं काही नाही. दुवा देताना नुसत्या व्हिडिओचा देऊ नका, प्लेलिस्टसकट द्या. तो असा दिसतो:

```
https://www.youtube.com/watch?v=VIDEOID&list=PLAYLISTID
```

यानं होतं काय, की तो व्हिडिओ संपला की यूट्यूब तुमच्याच प्लेलिस्टमधला पुढचा लावतं. त्यासाठी प्लेलिस्टचा क्रम हातानं लावा. माझी होती उगवण, एकरी बियाणं, बीजप्रक्रिया, मग पेरणी. चारच. पहिल्यांदा मी त्यात सोयाबीनचे सगळे १९ व्हिडिओ कोंबले होते, तर बियाण्याच्या हिशेबानंतर मळणीयंत्र लागायचं. जून तोंडावर असताना मळणी कोण बघतो?

एंड स्क्रीन `Choose specific video` करून त्या एका व्हिडिओवर लावली. ही चौकट व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांतच बसते, आणि आपल्या लोकांची खोड अशी की शेवटी ‘तर शेतकरी मित्रांनो’ म्हणायला लागतो. तो शब्द ऐकला की बघणारा निघतो. माझ्या आलेखात शेवटची वीस सेकंदं म्हणजे कड्यावरून खाली पडल्यासारखी रेघ होती. म्हणून कार्डही लावलं, वरच्या कोपऱ्यात येतं ते. जिथं मी ‘७० निघाले तर’ म्हणतो नेमकं तिथं. एका व्हिडिओत पाच कार्डं लावता येतात, मी एकच ठेवलं.

एंड स्क्रीन बदलल्यावर हजारात सहाचे ५८ झाले. पण यातून फार मोठी आशा धरू नका. पहिला व्हिडिओ शेवटी ३ लाख ४० हजारांवर थांबला, दुसरा २१ हजारांवर, तिसरा ४ हजारांवर. प्रत्येक पायरीला माणसं गळतातच. मात्र ते ४ हजार माझ्या आधीच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त होते, आणि पुढच्या वर्षी मे लागला तशी ही सगळी साखळी आपोआप पुन्हा चालू झाली. यात्रेच्या व्हिडिओला आजही गावाबाहेरचं कुणी बघत नाही.

जोडणी लागली की नाही हे कळायला दुसऱ्या व्हिडिओचं ॲनालिटिक्स उघडा आणि प्रेक्षक कुठून आले ते बघा. ‘सजेस्टेड’मध्ये तुमच्या पळालेल्या व्हिडिओचं नाव वर दिसलं, एंड स्क्रीन आणि प्लेलिस्ट या ओळींत आकडे हलले, तर वाट बरोबर आहे. दोन-तीन दिवसांत काहीच हललं नाही तर दुवा चुकला नसेल, तुम्ही निवडलेला पुढचा प्रश्न चुकला असेल. कमेंट परत वाचा.

आता तुमच्या व्हिडिओबद्दल. दीड लाख झाले, पण चार दिवसांपूर्वी सबस्क्रायबर ४१०च होते, म्हणजे तुम्ही अजून पार्टनर प्रोग्रॅममध्ये नसणार. अशा चॅनलचा व्हिडिओ १ लाखाच्या पुढं गेला की यूट्यूबच्या एडिटरमध्ये त्याची काटछाट जतन होत नाही, चेहरा वगैरे धूसर करणं तेवढं चालतं. त्यामुळं शेवट कापून नीट करू असा विचार सोडा. व्हिडिओ काढून पुन्हा टाकणं तर मुळीच नको, सगळे व्ह्यूज शून्यावर येतील. एंड स्क्रीन, कार्ड, वर्णन, पिन कमेंट हे सगळं मात्र बदलता येतं. नाव आणि थंबनेलला व्हिडिओ चालू आहे तोवर मी हात लावणार नाही. बदलल्यावर आकडा पडला तर तो आपल्यामुळं पडला की लाटच ओसरली, हे कळायला मार्ग राहत नाही.

एंड स्क्रीनचा पर्यायच दिसत नसेल तर व्हिडिओ चुकून ‘मुलांसाठी’ म्हणून लावला गेलाय का बघा. आमच्या भागातल्या एकानं करडांचा व्हिडिओ म्हणून तसं केलं होतं. त्यात कार्ड, एंड स्क्रीन, कमेंट सगळंच बंद होतं. आणि उद्या एखादा शॉर्ट पळाला तर हे दुवे तिथं चालणार नाहीत. ऑगस्ट २०२३ च्या शेवटापासून शॉर्टच्या कमेंट आणि वर्णनातले दुवे दाबले जात नाहीत. तिथं संबंधित व्हिडिओ जोडायची वेगळी जागा आहे, तीच भरायची.

चॅनलच्या पहिल्या पानावर नव्या माणसाला दिसणारा व्हिडिओही बदलून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. फार लोक तिथवर येत नाहीत, पण येतील त्यांना ‘नमस्कार, माझ्या चॅनलवर स्वागत’ नको.

पुढचा व्हिडिओ कोणता, हे मी इथं बसून सांगणं बरं नाही, कमेंट तुमच्याकडं आहेत. पण दात बघायला शिकणारा माणूस बहुतेक बाजारात शेळी घ्यायला निघालेला असतो. त्याला वाटत असेल, दोन दाती आहे हे कळलं, आता कास कशी बघू? व्यापारी गाभण म्हणतोय, खरं कशावरून? आणि घरी आणल्यावर आधीच्या शेळ्यांत लगेच सोडू का वेगळी बांधू? ५२ व्हिडिओंत यातलं काहीतरी नक्की असेल. असेल पण २० मिनिटांत गाडलेलं असेल, तर तेवढंच नव्यानं करा. कमेंट वहीत रेघा मारून मोजा, ज्या प्रश्नापुढं जास्त रेघा पडतील तो व्हिडिओ आधी. नवीन करायला एक दिवस लागणार असेल तर तोवर जुनाच पिन करा आणि वेळेचा आकडा लिहा, ‘९:४० पासून बघा’ असा. कमेंटमधला वेळ दाबला तर तो वरच्याच व्हिडिओत नेतो, म्हणून जुन्या व्हिडिओचा दुवा त्या वेळेसकट घ्या. शेअर करताना वेळ टिकवायची खूण असते.

आणि दोन आठवडे तरी लग्नाची वरात, वाढदिवस असलं काही टाकू नका. माझी पालखी आठवा.